१७६ रुपये ४१ पैशांची 'थकबाकी' आणि ट्रायला लिहायचं पत्र

प्रश्न: "वेळणेश्वरला आमचं घरगुती निवासाचं काम आहे. माझा पोस्टपेड नंबर अकरा वर्षं तोच, सगळं बुकिंग त्यावर येतं. वाडीत या कंपनीची रेंज राहिली नाही म्हणून नंबर दुसऱ्या कंपनीत न्यायचा आहे. बिल वेळेवर भरलंय, तरी तीनदा पोर्टचा मेसेज केला आणि तिन्ही वेळा 'थकबाकी आहे' म्हणून नकार आला. कस्टमर केअर म्हणतं, सिस्टीममध्ये १७६ रुपये ४१ पैसे दिसतात, कशाचे ते सांगता येत नाही. तीन तक्रारी 'निकाली' म्हणून बंद केल्या. पाच आठवडे झाले, दिवाळीचे पाहुणे तोंडावर आहेत. आता ट्रायलाच लिहिते. काय लिहू?" – एक वाचक, ता. गुहागर

ताई, पत्र जरूर लिहा, पण त्याच्याकडून काय अपेक्षा धरायची ते आधी ठरवा. ट्राय ही मोबाइल कंपन्यांवर देखरेख करणारी नियामक संस्था आहे, ती एकेका ग्राहकाच्या तक्रारीवर निकाल देत नाही. असं पत्र आलं की ते संबंधित कंपनीकडे पाठवलं जातं. त्यामुळे "माझा नंबर सोडवून द्या" एवढंच लिहिलंत तर पत्र फिरून त्याच कस्टमर केअरच्या टेबलावर येईल. कंपनीने पोर्टेबिलिटीच्या नियमांतली नेमकी कोणती अट मोडली, हे कागदांसह दाखवणारं पत्र मात्र वेगळं ठरतं, कारण ते नियम ट्रायचेच आहेत आणि ते पाळले जातात की नाही हे बघणं तिचं काम आहे. तुमची दाद कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे आणि पुढे ग्राहक आयोगात आहे. म्हणून अपील आणि पत्र एकाच दिवशी जाऊ द्या.

आधी नकार कुठून आला ते समजून घ्या, कारण पत्राचा कणा तोच आहे. १९०० वर `PORT` आणि तुमचा नंबर असा मेसेज गेला की तो पोर्टेबिलिटी सेवा देणाऱ्या मधल्या संस्थेकडे जातो. ही संस्था दोन्ही मोबाइल कंपन्यांपासून वेगळी असते. नंबर सध्याच्या कंपनीत ९० दिवस झाला का, यासारख्या अटी तपासल्या जातात आणि पोस्टपेड नंबरच्या थकबाकीबद्दल तुमच्या सध्याच्या कंपनीच्या यंत्रणेला लगेच विचारणा होते. तिथून "बाकी आहे" असं उत्तर आलं की नव्या कंपनीला द्यायचा आठ अक्षरांचा यूपीसी कोड तयारच होत नाही आणि तुम्हाला नकाराचा मेसेज येतो. १६ डिसेंबर २०१९ पासून ही पद्धत आहे. म्हणजे चूक नव्या कंपनीची नाही आणि मधल्या संस्थेचीही नाही. तुमच्या जुन्या कंपनीने आपल्या खात्यावरून चुकीचं उत्तर दिलं. पत्रात बोट तिच्याचकडे दाखवा. तिघांनाही गोवलंत तर तिघंही एकमेकांकडे बोट दाखवत बसतील.

आता ते १७६ रुपये ४१ पैसे. तुम्ही पाठवलेल्या प्रती मी नीट पाहिल्या. ३ सप्टेंबरचं बिल ५८८ रुपये ८२ पैशांचं आहे, म्हणजे ४९९ चा प्लॅन आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. ते तुम्ही १४ सप्टेंबरला यूपीआयने भरलं. पहिला नकार १९ सप्टेंबरला, दुसरा २७ ला. नंतर ३ ऑक्टोबरचं बिल निघालं. त्याच्या पहिल्या पानावरची चौकट बघा: मागील बाकी ५८८.८२, मिळालेली रक्कम ५८८.८२, समायोजन शून्य, चालू आकार ५८८.८२, एकूण देय ५८८.८२. दोन नकार दिल्यानंतर कंपनीनेच छापलेल्या या कागदावर १७६.४१ कुठेच नाही. यापेक्षा चांगला पुरावा तुम्हाला मिळणार नाही.

नियमातली अट अशी आहे की नेहमीच्या बिलिंग चक्राप्रमाणे निघालेल्या बिलाची बाकी भरलेली असावी. न निघालेल्या बिलाचा वापर किंवा खात्यावर कुणालाच समजावून सांगता येत नाही अशी नोंद ही त्या अर्थाने थकबाकी नव्हे. ही रक्कम बहुधा तुमच्या नावावरच्या एखाद्या जुन्या, बंद केलेल्या जोडणीची असेल. घरात कधी जादा सिम किंवा डोंगल होतं का, ते आठवून बघा. तरीही माझं नियमाचं वाचन असं की ज्या नंबरचं पोर्टिंग मागितलंय त्याच्या निघालेल्या बिलात जी रक्कम नाही, तिच्यासाठी तो नंबर अडवता येत नाही.

तिसरा नकार ८ ऑक्टोबरचा आहे आणि ऑक्टोबरचं बिल तुम्ही १० तारखेला भरलंत. त्या दिवशी एक निघालेलं बिल न भरलेलं होतं, हे कंपनी लगेच दाखवेल. त्यामुळे तिसऱ्या नकारावर भर देऊ नका, तारीख फक्त नोंदवा. युक्तिवाद पहिल्या दोन नकारांवर उभा करा. नोव्हेंबरचं बिल निघायच्या आत, खात्यावर शून्य बाकी दिसत असताना, चौथा मेसेज आजच करा. तोही नाकारला गेला तर तुमची बाजू आणखी भक्कम होईल.

या गडबडीत सिम बदलू नका. कंपनीच्या दुकानात "नवीन सिम घ्या, रेंज येईल" असं सहज सांगतात. १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस यूपीसी मिळत नाही. म्हणजे नकाराला त्यांच्या हाती खरं कारण येईल आणि तुमचा आठवडा जाईल.

अपील तुमच्या ९ ऑक्टोबरच्या तक्रारीच्या डॉकेटवर, म्हणजे तक्रार क्रमांकावर, करा. तक्रार सोडवायच्या मुदतीनंतर ३० दिवसांत अपील करायचं असतं, त्यामुळे सप्टेंबरच्या पहिल्या तक्रारीवर विसंबणं धोक्याचं आहे. 'निकाली' असा शेरा मारून तक्रार बंद झाली तरी अपील करता येतं, कारण ती सुटलेली नाही हीच तुमची तक्रार आहे. अपील प्राधिकरणाचा ईमेल आणि पत्ता `tccms.trai.gov.in` वर कंपनी व सर्कल, म्हणजे मोबाइल सेवेचा विभाग, निवडून मिळतो. रत्नागिरी जिल्हा महाराष्ट्र सर्कलमध्ये येतो, मुंबईत नाही. चुकीच्या सर्कलच्या प्राधिकरणाकडे गेलेलं अपील नुसतं फिरत राहतं. अपिलाला फी नाही आणि ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो.

ट्रायच्या पत्राचा मजकूर असा ठेवा:

"विषय: मोबाइल नंबर पोर्टेबिलिटी विनियम, २००९ चा भंग, चुकीच्या थकबाकीच्या कारणावरून यूपीसी नाकारल्याबाबत.

महोदय, माझा पोस्टपेड नंबर (नंबर) महाराष्ट्र सर्कलमधला असून त्याच सर्कलमध्ये दुसऱ्या कंपनीकडे न्यायचा आहे. ३ सप्टेंबरचं ५८८.८२ रुपयांचं बिल मी १४ सप्टेंबरला भरलं (यूपीआय व्यवहार क्रमांक). तरीही १९ व २७ सप्टेंबरला केलेल्या विनंत्या 'थकबाकी' या कारणाने नाकारल्या. मेसेजच्या प्रती जोडल्या आहेत. ३ ऑक्टोबरच्या बिलात मागील बाकी पूर्ण मिळाल्याची कंपनीचीच नोंद आहे. कंपनी तोंडी १७६.४१ रुपये सांगते, पण कोणत्या बिलाचे ते तीन तक्रारींनंतरही (डॉकेट क्रमांक व तारखा) सांगत नाही. अपील दाखल केलं असून त्याची प्रत जोडली आहे. विनंती अशी की, १) दोन्ही दिवशी माझ्या थकबाकीच्या विचारणेला कंपनीने काय उत्तर दिलं आणि कोणत्या बिलाच्या आधारे, याची नोंद मागवावी, २) हा नकार चुकीचा आढळल्यास विनियमांनुसार कारवाई करावी."

पहिली विनंती सर्वांत महत्त्वाची आहे. त्या विचारणेची नोंद तुमच्या हाती येऊ शकत नाही, ट्राय मागवू शकते. दुसऱ्या विनंतीबद्दल एवढंच सांगते की चुकीच्या नकारासाठी ट्राय कंपनीवर प्रत्येक नकारामागे १०,००० रुपयांपर्यंत आर्थिक दंड लावू शकते, पण त्यातला पैसा तुम्हाला मिळत नाही. म्हणून या पत्रात नुकसानभरपाई मागू नका, त्याने पत्राची धार जाते.

पत्र मराठीत पाठवायचा हक्क तुम्हाला राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० ने दिला आहे. तरी वेळ वाचावा म्हणून त्याचंच एक पानी इंग्रजी रूप जोडा, असं मी सुचवेन. ट्रायचं कार्यालय आता दिल्लीत नौरोजी नगरला आहे. जुन्या पत्त्यावर पाठवू नका, पत्ता `trai.gov.in` वरून घ्या. स्पीड पोस्टची पावती आणि पोहोचल्याची ऑनलाइन नोंद दोन्ही जपा. हाच मजकूर `pgportal.gov.in` वर दूरसंचार विभागाच्या नावे टाका. तिथे तक्रारीला क्रमांक पडतो आणि कंपनीला लेखी उत्तर द्यावं लागतं. कंपन्या या वाटेला पत्रापेक्षा लवकर जाग्या होतात, असा माझा कामातला अनुभव आहे.

दिवाळी अगदी जवळ असेल आणि नंबर हलणं तातडीचं असेल तर १७६.४१ रुपये हरकत राखून भरायचा पर्याय आहे. आधी ईमेल करा की "ही रक्कम मला मान्य नाही, पोर्टिंगसाठी हरकत राखून भरते, परत मागण्याचा हक्क राखून ठेवते," आणि ती कोणत्या खाते क्रमांकावर भरायची ते लेखी विचारा. उत्तर येण्याआधी भरलीत तर पैसे चालू खात्यात आगाऊ जमा होतील, जुनी नोंद तशीच राहील आणि पुन्हा नकार येईल.

एवढं करूनही हललं नाही तर रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. तुम्ही जिथे राहता तिथे दावा करता येतो आणि तुमच्या रकमेला फी लागत नाही. दूरसंचार तक्रारी ग्राहक आयोगात चालतात हे सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ ला व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजय कुमार अगरवाल या निकालात स्पष्ट केलं आहे. अपिलाच्या निर्णयाची वाट बघण्याची सक्ती नाही. कंपनी म्हणेल की नंबर व्यवसायासाठी वापरता, म्हणून तुम्ही ग्राहक नाही. स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली सेवा कायद्याने 'व्यावसायिक हेतू'तून वगळली आहे. तुमचं घर तुम्हीच चालवता हे तक्रारीत स्पष्ट लिहा. मेसेजच्या स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागेल, तेव्हा फोन फॉरमॅट करू नका आणि नकाराचे मूळ मेसेज पुसू नका.

यूपीसी आला की तो चारच दिवस चालतो. त्या मुदतीत नव्या कंपनीकडे अर्ज आणि केवायसी करा. एकाच सर्कलमध्ये पोर्टिंगला तीन कामाचे दिवस लागतात, मधली दिवाळीची सुट्टी त्यात धरली जात नाही. नंबर गेल्यावर जुनी कंपनी शेवटचं बिल पाठवेल. ते देय तारखेच्या आत भरा, कारण ते थकलं तर जुनी कंपनी नव्या कंपनीमार्फत तुमचा नंबर बंद करवू शकते.