अकरा पानांचं ऑफर लेटर, चार ओळींत

“सर, ऑफर लेटर अकरा पानांचं आहे. घरी बाबांना पगार, जॉइनिंगची तारीख, प्रोबेशन आणि नोटीस एवढंच सांगायचंय. मी चार ओळी काढल्यात, बरोबर आहेत का बघता?”

मुलगा लातूरचा, नुकताच इंजिनिअर झालेला, नोकरी पुण्यात. त्याचा कागद असा: पगार महिना 35,000, जॉइनिंग 1 जुलै, प्रोबेशन सहा महिने, नोटीस एक महिना.

35,000 कुठून आले, विचारलं. सीटीसी 4,20,000, भागिले बारा. मी त्याला शेवटच्या पानावरचा पगाराचा तक्ता उघडायला लावला. त्यात वर्षाचा व्हेरिएबल पे 42,000, कंपनीच्या वाट्याचा पीएफ 21,600 आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे 10,100 सीटीसीतच धरले होते. ते वजा केले की महिन्याला साधारण 28,850 उरतात. त्यातून त्याच्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि व्यवसाय कर 200 जातो. हातात 26,850 च्या आसपास. तो गप्प झाला. खोलीचं भाडं त्याने 35,000 धरून ठरवलं होतं.

तारखेत फार काही नव्हतं. फक्त त्याच ओळीत अट होती, शेवटच्या सेमिस्टरची मार्कशीट त्या दिवशी हवी. ती आम्ही तारखेला जोडून लिहिली.

खरा घोळ पुढच्या दोन ओळींत होता. तिसऱ्या पानावर प्रोबेशन सहा महिने, पण लगेच खाली “लेखी कन्फर्मेशन मिळेपर्यंत प्रोबेशन चालू समजले जाईल”. म्हणजे सहा महिने उलटले म्हणून माणूस आपोआप कायम होत नाही. पत्र मागून घ्यावं लागतं. आणि एक महिन्याची नोटीस प्रोबेशनपुरतीच. कायम झाल्यावर 90 दिवस, ते थेट नवव्या पानावर. पोरं पहिला आकडा दिसला की वाचणं थांबवतात, हा माझा नेहमीचा अनुभव. नोटीसचे दिवस पैसे भरून कमी करता येतील का, हे पत्रात कंपनीच्या मर्जीवर सोडलं होतं. रक्कम बेसिकवर धरणार की पूर्ण पगारावर, याचा उल्लेखच नव्हता. तेवढा एक प्रश्न त्याने माझ्यासमोरच एचआरला मेल केला. फोनवर विचारलेलं पुढे दाखवता येत नाही.

नवा कागद असा झाला:

हातात महिना सुमारे 26,850; व्हेरिएबल वेगळा.
1 जुलै, मार्कशीटसह.
प्रोबेशन सहा महिने, पण कन्फर्मेशनचं पत्र येईपर्यंत चालू.
नोटीस प्रोबेशनमध्ये एक महिना, नंतर 90 दिवस.

संध्याकाळी त्याचा फोन आला. बाबांनी कागद वाचून एकच विचारलं होतं, “हा व्हेरिएबल कधी मिळतो?” आम्ही दोघांनी पुन्हा पत्र उघडलं. आर्थिक वर्ष संपल्यावर, आणि त्या वेळी नोटीसवर नसलात तरच.

कागदावर पाचवी ओळ चढली.