तिखटासाठी कंपोस्टेबल पाकीट घ्यावं की रिसायकल्ड?

प्रश्न: आमचा बचत गट भिवापुरी मिरचीचं तिखट विकतो. पाकीटवाला "कंपोस्टेबल" आणि "रिसायकल्ड" अशी दोन पाकिटं दाखवतो, दोन्ही पर्यावरणपूरक म्हणतो. कोणतं घ्यावं?

ताई, आम्हीही गटाच्या तिखटासाठी आधी कंपोस्टेबलच घेतलं होतं. मृगात दहा रिकामी पाकिटं वावरातल्या शेणखताच्या खड्ड्यात पुरली आणि दिवाळीनंतर खत काढताना ती फावड्याला लागली. रंग उडालेला, कडा ठिसूळ झालेल्या, पण पाकीट पाकीटच होतं.

पाकीटवाला खोटं बोलला नव्हता. आपल्याकडे कंपोस्टेबल प्लास्टिक आयएस/आयएसओ १७०८८ या मानकाने तपासतात. त्या चाचणीत कंपोस्ट ओलसर ठेवतात, हवा खेळती ठेवतात आणि तापमान सतत ५८ अंशांच्या आसपास राखतात. अशा कंपोस्टमध्ये सहा महिन्यांत त्यातला किमान ९० टक्के कार्बन वायू होऊन जायला हवा. एवढी धग मोठ्या कंपोस्ट प्रकल्पात टिकते, आपल्या उकिरड्यात नाही. मे महिन्यात पारा ४५ वर जातो म्हणून आम्हाला वाटलं होतं की कुजेल, पण तेव्हा खड्डा कोरडाठाक असतो आणि ओल नसली की जंतू काम करत नाहीत. तुमच्या गावापासून असा प्रकल्प लांब असेल, तर त्या शब्दाचा गिऱ्हाइकाला काही उपयोग नाही. उलट ते पाकीट साध्या प्लास्टिकच्या भंगारात गेलं, तर तो मालही बिघडतो.

तरीही घ्यायचंच असेल तर पाकीट बनवणाऱ्याचं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र मागा आणि त्यावरचं नाव पाकिटावरच्या नावाशी ताडून पाहा. नुसतं "बायोडिग्रेडेबल" लिहिलेलं असेल तर घेऊच नका. किती दिवसांत आणि कुठे कुजणार, हे त्या शब्दातून कळतच नाही. शिवाय कंपोस्टेबल फिल्म दमट हवा पुरेशी अडवत नाही. श्रावणात आमच्या तिखटाचे गोळे झाले, परत आलेला माल आम्हालाच सोसावा लागला.

आता "रिसायकल्ड". याचा अर्थ एवढाच की माल आधी एकदा वापरलेला आहे. वापरून झाल्यावर पाकीट पुन्हा कामी येईल, असं त्यातून ठरत नाही. बाणांच्या त्रिकोणातला आकडाही फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो. अन्नाला लागणारं रिसायकल्ड प्लास्टिक एफएसएसएआयच्या मंजुरीशिवाय चालत नाही, म्हणून तिखटाच्या थेट संपर्कात ते नको. बाहेरचा पुठ्ठ्याचा खोका मात्र रिसायकल्ड खुशाल घ्या.

खाकी कागदी पाकीट दाखवलं, तर एक तुकडा रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी फाडून पाहा. आतून पारदर्शक पापुद्रा सुटला, तर कागदाला प्लास्टिक चिकटवलेलं आहे आणि असा मिश्र माल आमच्याकडचा भंगारवाला घेत नाही.

आम्ही आता एकाच प्रकारच्या प्लास्टिकचं जाड पाकीट वापरतो. गिऱ्हाईक आठवडी बाजारात रिकामं पाकीट परत आणतं, आम्ही ते साठवून भंगारवाल्याला देतो.