तीन रीडिंग आणि ± चा आकडा

दर सत्राच्या शेवटी प्रोजेक्टच्या वह्या जमा व्हायच्या वेळेला मला त्याच चार-पाच शंका येतात. नमुना बहुतेकांचा एकच असतो, ईडीटीएने पाण्याचा जडपणा काढायचा, तीन रीडिंगची सरासरी लिहायची आणि तिच्यापुढे ± लावून ९५ टक्क्यांचा पट्टा, म्हणजे कॉन्फिडन्स इंटरव्हल, द्यायचा. या वेळी सगळ्यांना एकत्रच उत्तर देतो.

प्रश्न : सर, माझी तीन रीडिंग २४८, २५२ आणि २४६ आहेत (मिलिग्रॅम प्रति लिटर). ± काढताना मैत्रिणीने १.९६ ने गुणलं, मला पुस्तकात ४.३० दिसतंय. कोणाचं बरोबर?

तुमचं. सरासरी २४८.७ येते. प्रमाण विचलन काढताना वर्गांची बेरीज तीनने नाही, दोनने भागा, म्हणजे ३.०६ मिळेल. त्याला तीनच्या वर्गमुळाने भागलं की प्रमाण त्रुटी १.७६. रीडिंग तीन, म्हणून डिग्री ऑफ फ्रीडम दोन, आणि टी-तक्त्यात ९५ टक्क्यांसाठी त्या ओळीत ४.३०३ आहे. गुणाकार ७.६. लिहायचं असं : २४९ ± ८ मिलिग्रॅम प्रति लिटर, ९५ टक्के, तीन रीडिंग. दशांशानंतर आणखी आकडे लिहून काही साधत नाही.

मैत्रिणीला ± ३.५ मिळाले असणार. दिसायला छान, पण १.९६ हा आकडा प्रमाण विचलन पक्कं माहीत असेल तेव्हाचा. तुमचं ३.०६ तीन आकड्यांवरून काढलेलं आहे आणि तेही डळमळीतच. कधी तीनही रीडिंग योगायोगाने जवळजवळ पडतात, विचलन फसवं लहान येतं आणि पट्टा खऱ्या किमतीला चुकवून जातो. तीन रीडिंगवर १.९६ लावून काढलेला पट्टा ९५ नव्हे, जेमतेम ८१ टक्के वेळा खऱ्या किमतीला धरून असतो. म्हणजे दर पाच वेळांत साधारण एकदा चूक. ४.३०३ हा त्या डळमळीतपणाचा दंड आहे.

प्रश्न : एक्सेलमध्ये कोणतं फंक्शन?

हे :

```
=CONFIDENCE.T(0.05, STDEV.S(A1:A3), 3)
```

`CONFIDENCE.NORM` आणि `STDEV.P` यांना हात लावू नका.

प्रश्न : याला ‘स्टुडंट्स टी’ म्हणतात. विद्यार्थ्यांसाठीची सोपी आवृत्ती आहे का?

नाही हो. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मितीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने ते छापलं. मोजमापं थोडीच हातात असताना काय करायचं, हाच त्यांचा प्रश्न होता.

प्रश्न : उद्या वही द्यायची आहे. दोनच रीडिंग झाली आहेत, चालतील का?

सूत्र चालतं, उत्तर चालणार नाही. दोन रीडिंगला गुणक १२.७०६ आहे. २४८ आणि २५२ एवढीच असती तर २५० ± २५ लिहावं लागलं असतं. तिसऱ्या टायट्रेशनला दहा मिनिटं लागतात आणि प्रयोगशाळा पंधरा दिवस उघडी होती. आज लॅब असिस्टंटना विनंती करून बघा. नाहीच जमलं तर दोन्ही आकडे जसेच्या तसे लिहा आणि शिक्षकांना कळवा.

प्रश्न : आम्हाला सी.बी.आर., म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, घ्यायला शिकवलंय. माझी ब्युरेट रीडिंग १२.४, १२.६, १२.३, १२.४ आली, म्हणून सी.बी.आर. १२.४ धरला. यावर कॉन्फिडन्स इंटरव्हल कसा काढू?

काढू नका. काढायला बसलात तर काय होईल बघा. जुळलेली दोनच रीडिंग ठेवली की विचलन शून्य, पट्टा शून्य, म्हणजे तुमचं टायट्रेशन देवासारखं अचूक! ब्युरेटवर सर्वांत लहान रेघ ०.१ मिलिलिटरची आहे. ५० मिलिलिटर नमुना आणि ०.०१ मोलर ईडीटीए असेल तर ब्युरेटवरच्या मिलिलिटरला वीसने गुणून जडपणा मिळतो, म्हणजे ती एक रेघच २ मिलिग्रॅमची झाली. त्याहून बारीक तुम्हाला दिसतच नाही, मग शून्य कुठून येणार?

कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग ही हात बसवायची सवय आहे. एंड पॉइंटला वाईन रेड जाऊन निळा कधी येतो ते डोळ्यांना कळावं, यासाठी ती चांगलीच आहे. पण दोन रीडिंग जुळेपर्यंत करत राहायचं आणि न जुळलेली टाकायची, ही निवड झाली. टी-वितरणाला न निवडलेली, एकमेकांपासून स्वतंत्र रीडिंग लागतात. एकदा परीक्षक म्हणून गेलो असताना एका वहीत तिन्ही जागी १२.४ होतं. पान उजेडाकडे धरलं तर मधल्या १२.४ खाली खोडलेला १२.६ स्पष्ट दिसत होता. त्या पोराने प्रयोग नीट केला होता आणि त्यातली एकमेव उपयोगी माहिती रबराने पुसून टाकली होती.

आता तुमची चारही रीडिंग ठेवा. जडपणा २४८, २५२, २४६, २४८, सरासरी २४८.५, विचलन २.५२. चारचं वर्गमूळ दोन, म्हणून भागून १.२६. तीन डिग्री ऑफ फ्रीडमला गुणक ३.१८२. उत्तर २४८.५ ± ४. वरच्या तीन रीडिंगचा पट्टा ± ७.६ होता, एका रीडिंगने तो जवळपास निम्मा केला. काही अंशी चौथं रीडिंग जवळ पडलं म्हणून, पण बरंचसं गुणक ४.३० वरून ३.१८ वर उतरला म्हणून. खोडून मिळत नाही ते एक जास्त टायट्रेशन करून मिळतं. मात्र किती रीडिंग घ्यायची ते आधी ठरवा, आवडतं उत्तर दिसलं की थांबू नका. आणि एखादं रीडिंग खरोखर फसलं असेल, थेंब बाहेर पडला, इंडिकेटर विसरलात, तर ते त्याच क्षणी कारणासकट वहीत लिहा. निकाल पाहून आठवलेलं कारण मी धरत नाही. शंका असेल तर वही घेऊन शिक्षकांकडे जा, खोडायच्या आधी.

प्रश्न : फिल्टर विकायला आलेल्या माणसाच्या रिपोर्टवर ‘जडपणा २४९ ± १.८’ होतं. त्यांची मशीन आमच्यापेक्षा एवढी चांगली?

मला मशीन दिसली नाही, पण आकडा ओळखीचा वाटतो. तुमच्या पहिल्या तीन रीडिंगना गुणक न लावता सोडलं तर नेमकं १.७६ येतं. ± पुढे प्रमाण विचलन आहे, प्रमाण त्रुटी आहे की ९५ टक्के पट्टा, हे लिहिलेलं नसेल तर त्या ± ला अर्थ नाही. तीन रीडिंगची नुसती प्रमाण त्रुटी असेल तर तो पट्टा दहापैकी सहाच्या आसपास वेळाच खरी किंमत पकडतो. रीडिंग किती घेतली आणि ± म्हणजे काय, हे दोनच प्रश्न विचारा. उत्तर आलं नाही तर पाणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि मगच पैसे काढा.

प्रश्न : कॅनमधल्या पाण्याची तीन रीडिंग ‘गावातल्या विहिरीचा जडपणा’ म्हणून लिहिली तर?

तो त्या कॅनचा जडपणा. एकाच कॅनमधून तीनदा पिपेट भरलं तर पट्टा तुमच्या हाताचा आणि ब्युरेटचा होतो, विहिरीचा नाही. विहिरीबद्दल बोलायचं तर वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळे नमुने घ्या आणि किती घ्यायचे ते संख्याशास्त्राच्या शिक्षकांना आधी विचारा, नंतर नाही. शिवाय ईडीटीएचं द्रावणच चुकीच्या तीव्रतेचं असेल तर सगळी रीडिंग एकाच बाजूला सरकतील, पट्टा मात्र अरुंदच राहील. कोणताही टी तो दोष दाखवणार नाही. त्यासाठी माहीत तीव्रतेच्या कॅल्शियमच्या द्रावणाने ईडीटीए आधी प्रमाणित करा.