तीन वर्षांत दामदुप्पट म्हणजे शेकडा दोन

प्रश्न: चोपडा तालुक्यात राहतो. कापसाचे 2 लाख हातात आहेत. ओळखीतला एक एजंट म्हणतो, त्यांच्या कंपनीत टाकले तर 3 वर्षांत डबल, लेखी देतात. वर्षाला नेमकं किती टक्के पडलं आणि यावर विश्वास ठेवावा का?

भाऊ, वर्षाला 26 टक्के पडले, आणि नका ठेवू विश्वास. मी अडतीच्या दुकानात हिशेब लिहितो, म्हणून आकडे मांडूनच दाखवतो.

एजंटनं तुम्हाला 33 टक्के सांगितले असतील. 100 ला 3 नं भागायचं आणि मोकळं व्हायचं. दरवर्षी व्याज तुमच्या हातात पडत असतं तर ते बरोबर होतं. इथं पहिल्या वर्षाचं व्याजही आतच राहतं आणि त्यावर पुढचं व्याज चढतं. म्हणून असा दर शोधायचा की तीनदा चढवल्यावर रक्कम दुप्पट व्हावी. 1 लाखावर 26 टक्के चढवा: पहिल्या वर्षाअखेर 1,26,000, दुसऱ्या वर्षाअखेर 1,58,760, तिसऱ्या वर्षाअखेर 2,00,038. जमलं. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर 1.26 ला 1.26 नं दोनदा गुणलं तरी हेच दिसेल.

तोंडी करायचं तर 72 ला वर्षांनी भागायची जुनी युक्ती आहे. 72 भागिले 3, म्हणजे 24. खरा आकडा 26, कारण दर मोठा असला की ही युक्ती थोडं कमी दाखवते. आठ-दहा वर्षांच्या दुपटीला मात्र चपखल बसते.

आता हेच आपल्या बोलीत मांडू. वर्षाला 26 टक्के म्हणजे महिन्याला शेकडा 1 रुपया 94 पैसे. शेकडा दोनच म्हणा! आपल्याकडे शेकडा दोननं पैसे कोण उचलतं? ज्याचं पीककर्ज अडकलंय आणि पेरणी दारात आहे, किंवा ज्याच्या घरात दवाखाना निघालाय, असा माणूस. तोही सोनं ठेवून, मान खाली घालून उचलतो आणि सुगीला आधी तेच फेडतो. इथं एक कंपनी स्वतःहून गावोगाव फिरून, चहा पाजून, तुमच्याकडून त्याच दरानं पैसे उचलतेय. धंदा खरंच चांगला असता तर बँकेनं तिला याच्या निम्म्या दरानं कर्ज दिलं असतं. हा प्रश्न एजंटला विचारून बघा, तो विषय बदलेल.

आणि 26 वर भागत नाही. समजा एजंटला 10 टक्के कमिशन आहे. तुमच्या 1 लाखातले 90 हजारच कामाला लागले, पण द्यायचे पूर्ण 2 लाख. मग कंपनीला वर्षाला साडेतीस टक्के कमवावे लागतात, तेही सलग तीन वर्षं, एकही वर्ष न चुकता. ऑफिस, गाडी, मेळाव्याचं जेवण वेगळंच. शेअर बाजाराचं उदाहरण तुम्हाला देतीलच, म्हणून तेही पाहू. सेन्सेक्स 1979 ला 100 धरला होता, मार्च 2024 ला 73 हजारांच्या वर होता. 45 वर्षांचा हिशेब वर्षाला 16 टक्क्यांच्या आतच येतो, आणि तिथं लेखी हमी कुणीच देत नाही. पोस्टाचं किसान विकास पत्र एप्रिल 2023 पासून साडेसात टक्क्यांनी 115 महिन्यांत दुप्पट करतंय. साडेनऊ वर्षं. हमी देणाऱ्याचा दर एवढाच असतो. 1988 मध्ये हेच पत्र निघालं तेव्हा साडेपाच वर्षांत दुप्पट व्हायचं. म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात तो काळ अजून आहे, आणि एजंट नेमका तिथंच हात घालतो.

याहून पक्की एक खूण आहे. ठेवी घ्यायची परवानगी असलेल्या बिगरबँक वित्त कंपन्यांना रिझर्व्ह बँकेनं साडेबारा टक्क्यांची कमाल मर्यादा घातली आहे. निधी कंपन्यांनाही तीच लागू आहे. साडेबारा टक्के दर महिन्याला चढवले तरी दुपटीला साडेपाच वर्षांच्या वर लागतात. म्हणजे अशी कंपनी त्याआधी दुप्पट देते म्हणाली, की नियम तिथंच मोडला. पुढचं काही तपासायची गरज नाही. पतसंस्थांचा कारभार सहकार खात्याकडे असतो, त्यांचे नियम वेगळे. पण बँकेच्या ठेवींना असतं तसं 5 लाखांचं विमा संरक्षण त्यांना नसतं, हे ध्यानात ठेवा.

तुमचं पुढचं म्हणणं मला माहीत आहे: "पण अमक्याला मिळाले ना!" मिळाले असतील. माझ्या वडिलांनाही मिळाले होते. केळीचे 40 हजार टाकले, मुदतीला 80 हजारांचा चेक आला, वटला. आख्ख्या गल्लीनं तो चेक हातात घेऊन पाहिला. मग आबांनी ते 80 आणि वर घरातले 70, असे दीड लाख पुन्हा टाकले. दुसऱ्या खेपेला ऑफिसच्या शटरला कुलूप होतं. पहिला चेक गल्लीतल्या नव्या लोकांच्या पैशातून निघाला होता. तीन वर्षं कंपनीला कुणाचंच काही देणं नसतं, नुसतं घेणं असतं, त्यामुळे या काळात ती कधीच आजारी दिसत नाही. पहिल्यांचे 1 कोटी दुप्पट करायला नव्यांकडून, कमिशन धरून, सव्वादोन कोटी आणावे लागतात. त्यांचे फेडायला पुढच्या तीन वर्षांत जवळपास पाच कोटी. गावं संपली की थांबतं.

आबांची पावती अजून ट्रंकेत आहे, हिरव्या किनारीची, प्लास्टिकच्या पाकिटात. त्यावर 'ठेव' हा शब्द कुठंच नाही. 'प्लॉट बुकिंग ॲडव्हान्स' लिहिलंय, आणि गट नंबरच्या जागी रेघ मारलीय. तुमच्या एजंटकडून कोरी पावती मागून तेवढंच वाचा. ठेव नाही, व्याजाचा दर नाही, असं दिसलं तर लेखी देतो म्हणण्याला अर्थ नाही. कंपनीला ठेवी घ्यायची परवानगी आहे का, ते रिझर्व्ह बँकेच्या sachet.rbi.org.in वर पाहता येतं, तक्रारही तिथंच करता येते. परवानगी नसताना ठेवी घेणं 2019 च्या केंद्राच्या कायद्यानं गुन्हा आहे. महाराष्ट्रात ठेवीदारांसाठी 1999 चा वेगळा कायदाही आहे, त्यात मालमत्ता जप्त होते, पण लिलाव होऊन पैसे हातात यायला वर्षानुवर्षं जातात. आबा त्या रांगेत होते.

महिन्याला हप्ता भरायची स्कीम दाखवली तर आणखी सावध राहा. महिना 1000 प्रमाणे 36 महिन्यांत 36 हजार भरायचे आणि 72 हजार घ्यायचे, हे वरून सारखंच वाटतं. पण शेवटचा हप्ता जेमतेम महिनाभरच आत राहतो, म्हणून दर वर्षाला 50 टक्क्यांवर जातो.

2 लाखांतले खरिपाच्या बियाण्या-खताचे आधी बाजूला काढा. उरतील ते पोस्टात किंवा बँकेत टाका, आणि कुठल्या महिन्यात लागणार ते सांगा, मुदत कशी पाडायची ते लिहून देतो.