‘सॉरी’ म्हणून मागे फिरू नका

‘दहा वर्षं नर्स म्हणून काम करतेय, इंग्रजी रोजचंच आहे. तरी पीटीई या संगणकावरच्या इंग्रजी परीक्षेत स्पीकिंगमध्ये गुण कमी पडले. माझा मराठी ढंग मशीनला कळत नाही का? परदेशी ॲक्सेंट शिकू का?’

एका नर्सबाईंनी असं विचारलं. ॲक्सेंटचा क्लास लावण्याआधी त्यांना सरावाची रेकॉर्डिंग पाठवायला सांगितलं. ‘रिपीट सेंटेन्स’मध्ये ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणायचं असतं. त्यातलं वाक्य अकरा शब्दांचं होतं: ‘स्टुडंट्स मस्ट सबमिट देअर लॅब रिपोर्ट्स टू द ऑफिस बिफोर फ्रायडे’. बाई म्हणाल्या, ‘स्टुडंट्स मस्ट सबमिट द रिपोर्ट्स… सॉरी… देअर लॅब रिपोर्ट्स… अं… बिफोर फ्रायडे’.

अडचण इथेच होती. या प्रश्नात शब्दांसाठी 3 गुण असतात. सगळे शब्द क्रमाने आले तर 3, निम्मे किंवा जास्त आले तर 2. बाईंचे आठ शब्द क्रमाने आले होते, म्हणजे 2. ‘टू द ऑफिस’ सुटलं तसंच सोडून त्या एका दमात ‘स्टुडंट्स मस्ट सबमिट देअर लॅब रिपोर्ट्स बिफोर फ्रायडे’ म्हणाल्या असत्या, तरी 2च मिळाले असते. शब्दांच्या गुणांत अडखळणं मोजत नाहीत. ते मोजतात प्रवाहीपणाच्या 5 गुणांत. तिथे मात्र दोन थांबे आणि मागे फिरून केलेली दुरुस्ती, दोन्ही महागात पडली. माणसासमोर चूक सुधारणं हा सभ्यपणा आहे. सॉफ्टवेअरला तिथे फक्त तुटलेली लय दिसते.

उच्चाराचे 5 गुण वेगळे. भारतीय ढंगाला तिथे दंड नाही. बोललेला प्रत्येक ध्वनी अपेक्षित ध्वनीशी किती जुळतो, हे सॉफ्टवेअर पाहतं. आपण ‘चाचणी’ आणि ‘चव’ या दोन्ही अर्थांचे इंग्रजी शब्द ‘टेस्ट’ असेच लिहितो आणि बऱ्याचदा बोलतोही तसेच. पहिल्यातला ‘ए’ आखूड, दुसऱ्यातला लांब ठेवावा लागतो. बाईंचं मुख्य नुकसान शब्दांच्या शेवटी होत होतं: घाईत ‘रिपोर्ट्स’चं ‘रिपोर्ट’ व्हायचं. खोटा अमेरिकन ढंग आणला असता तर घाई आणि गोंधळ दोन्ही वाढले असते.

‘रीड अलाउड’मध्ये, म्हणजे पडद्यावरचा उतारा मोठ्याने वाचायच्या प्रश्नात, तयारीला 30 ते 40 सेकंद मिळतात. तेवढ्यात मनातल्या मनात न वाचता पुटपुटत वाचा आणि श्वास कुठे घ्यायचा ते ठरवा. तेव्हा माइक बंद असतो. अनोळखी शब्द आला तर अंदाजाने एकदाच म्हणा आणि पुढे चला. तो चुकला तर एका शब्दाची चूक. त्यापाशी सलग तीन सेकंद गप्प राहिलात तर रेकॉर्डिंगच थांबतं आणि उरलेला उताराही जातो.

बाईंना दोन आठवड्यांसाठी एकच सराव दिला: रोज दहा वाक्यं ऐकून फोनवर रेकॉर्ड करायची, प्रत्येक एकदाच. मग ऐकताना सुटलेले शब्द न मोजता फक्त ‘सॉरी’, ‘अं’ आणि मागे फिरणं मोजायचं. पहिल्या दिवशी चौदा निघाले, शेवटच्या दिवशी तीन.