वजनं बदलली तरी मॉडेल दोनच उत्तरं का देतं?

प्रश्न: लातूर जिल्ह्यातल्या १० एकरांसाठी पीक आराखड्याचं एलपी मॉडेल केलंय. नफा जास्त हवा, पाणी कमी. वजनं ०.१ पासून ०.९ पर्यंत बदलून पाहिली, पण एकतर सगळा ऊस येतो नाहीतर सगळं सोयाबीन-हरभरा. चूक कुठे आहे?

उत्तर: मॉडेल बरोबर आहे. वजनांच्या पद्धतीतच ही अडचण आहे.

उदाहरणासाठी आकडे धरू. उसाला एकरी नफा ८० हजार आणि पाणी ८० लाख लिटर. सोयाबीननंतर हरभरा घेतला, तर नफा ३५ हजार आणि हरभऱ्याच्या दोन पाण्यांना मिळून ५ लाख लिटर. म्हणजे एक एकर उसाकडे वळवला की ७५ लाख लिटर जास्त लागतात आणि ४५ हजार जास्त मिळतात, लाख लिटरला ६०० रुपये. तुमच्या वजनांनी पाण्याची किंमत लाखाला ६०० पेक्षा कमी ठरली की सगळा ऊस येणार, जास्त ठरली की एकही कांडं नाही. मधले सगळे आराखडे बरोब्बर ६०० लाच सारखे ठरतात, आणि तिथेही सॉल्व्हर बहुधा एखादं टोकच उचलतो.

म्हणून पाणी उद्दिष्टातून काढा आणि त्याला मर्यादा घाला. x म्हणजे उसाचे एकर, y सोयाबीन-हरभऱ्याचे, W पाण्याची मर्यादा लाख लिटरमध्ये, नफा हजारांत:

```
max 80x + 35y
x + y <= 10
80x + 5y <= W
```

W ला २०० दिलं की २ एकर ऊस, नफा ४ लाख ४० हजार. २७५ दिलं की ३ एकर, ४ लाख ८५ हजार. W ५० पासून ८०० पर्यंत चढवत न्या, पूर्ण सीमारेषा मिळेल. पाण्याच्या अटीची शॅडो प्राइस ०.६ दिसेल, तेच आपले ६०० रुपये.

शेतकऱ्याला विचारायलाही हेच सोपं पडतं. ‘पाण्याला वजन किती?’ याला कोण काय सांगणार? विहीर किती दिवस पुरते, हे मात्र तो नेमकं सांगतो. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्या उन्हाळ्यानंतर मी तरी मर्यादेपासूनच सुरुवात करतो.

आता समजा शेताचे ४ आणि ६ एकरांचे दोन तुकडे आहेत, एका तुकड्यात एकच पीक घ्यायचंय, आणि ४ एकरांत ऊस लावायचा तर पाइपलाइनचा वर्षाला २० हजार खर्च आहे. फक्त तिथे ऊस लावला तर ३५० लाख लिटरमध्ये ५ लाख १० हजार मिळतात. तेवढ्या पाण्यात यापेक्षा चांगला आराखडा नाही, तरी कोणत्याच वजनाला तो सापडत नाही: पाण्याची किंमत ५३३ च्या वर गेली की सगळं सोयाबीन-हरभरा त्याच्यावर मात करतं, ७३३ च्या खाली आली की ६ एकर ऊस. W ४०० ठेवलं की लगेच सापडतो.

एक काळजी घ्या. दोन आराखड्यांचा नफा सारखा आला, तर सॉल्व्हर जास्त पाण्याचाही देऊ शकतो. त्यासाठी उद्दिष्टातून पाण्याचा ०.००१ पट वजा करा.