आधी पाणी मोज

प्रिय मुली,

तुझे पत्र आणि कादंबरीची तीन प्रकरणे मिळाली. एका वाचकाला नायिकेचे यंत्र खोटे वाटले, दुसऱ्याला त्याचे वर्णन कंटाळवाणे वाटले, आणि आता यंत्राचे तपशील वाढवावेत की कापून टाकावेत हे तुला कळेनासे झाले आहे. माझ्या मते दोघांचीही तक्रार एकच आहे. चाके, दाते आणि पितळी नळ्या यांचे वर्णन तू दोन पाने केले आहेस, परंतु सहा पायांचे ते वाहन दोन दिवस कोरडे पठार तुडवते आणि त्याला पाणी कोठून मिळते याविषयी एक ओळही नाही. वाफेच्या गोष्टीत आधी पाणी मोजावे.

तुझ्याच प्रकरणाचा हिशोब मांडते. यंत्राला 10 अश्वशक्ती लागते असे धरू. वाहनाचे वजन पाहता हा अंदाज उदारच आहे. वापरलेली वाफ हवेत सोडून देणारे लहान, साधे इंजिन एका अश्वशक्तीसाठी तासाला सुमारे 20 किलो वाफ खाते, म्हणजे तुझे यंत्र तासाला 200 लिटर पाणी पिणार. दोन दिवसांत मिळून बारा तासांची चाल धरली तर 2400 लिटर झाले. एक किलो चांगला कोळसा साधारण सात किलो पाण्याची वाफ करतो, तेव्हा वर सुमारे 340 किलो कोळसा. तू लिहिले आहेस, 'मागे एक छोटी टाकी आणि कोळशाची पिशवी'. पावणेतीन टनांचा हा भार त्या सहा पायांवर चढवलास की 10 अश्वशक्तीही पुरणार नाही, आणि अश्वशक्ती वाढवलीस की पाणी पुन्हा वाढेल.

येथे तू म्हणशील की वाफ थंड करून तेच पाणी परत वापरता येईल. येईल, परंतु फुकट नाही. इंजिन साडेसात किलोवॅट काम करत असताना त्या वाफेतून सुमारे 125 किलोवॅट उष्णता हवेत टाकावी लागेल, आणि तीही तापलेल्या पठारावर. म्हणजे वाहनाच्या दोन्ही बाजूंना पातळ नळ्यांच्या मोठाल्या जाळ्या आल्या. शिवाय वापरलेली वाफ धुराड्यातून फुंकली जाते तेव्हाच आगीला हवेची चांगली ओढ मिळते. ती वाफ तू या जाळ्यांकडे, म्हणजे कंडेन्सरकडे, वळवलीस तर आग मंदावेल, मग पंखा हवा, आणि पंख्यालाही वाफच लागणार. तुझ्या नायिकेने ही अडचण कधीतरी अनुभवली असेल ना? मग ते पानावर येऊ दे. संशोधक म्हणजे सगळे सुटलेली व्यक्ती अशी तुझी समजूत दिसते, आणि त्याचा मला थोडा राग येतो.

राग येण्याचे कारण माझ्या खात्यावर आहे. माझ्या पहिल्या कादंबरीत वाफेवर चालणारे हवाई जहाज सात दिवस समुद्रावरून उडाले. रेल्वेत फायरमन म्हणून आयुष्य घालवलेल्या एका वाचकांनी पत्र पाठवून एवढेच विचारले होते की बाईंनी पाणी कोठे भरले. मी चिडून उत्तर लिहिले की कल्पनेला पाणी लागत नाही. ते वाक्य मला आजही वाईट वाटत नाही, पण उत्तर खोटे होते हे मला तेव्हाही ठाऊक होते. पुढे ते पुस्तक मी मुळापासून पुन्हा लिहिले. त्यात नऊ महिने गेले, प्रकाशक नाराज झाले आणि नवी आवृत्ती आधीच्यापेक्षा कमी खपली. तरीही मी तसेच करीन. पॅरिसहून 1852 मध्ये आँरी जिफार यांचे वाफेचे जहाज खरोखर उडाले तेव्हा त्यावर 3 अश्वशक्तीचे इंजिन होते, ते 27 किलोमीटर गेले आणि वाऱ्याविरुद्ध परत फिरू शकले नाही. माझे सात दिवस कोठे आणि ते 27 किलोमीटर कोठे! खरे साहस त्या न फिरणाऱ्या जहाजात होते आणि मला ते दिसले नाही.

याच जिफार यांनी 1858 मध्ये इंजेक्टरचे पेटंट घेतले, आणि तुझ्या तिसऱ्या प्रकरणाचा जीव त्यातच आहे. बॉयलरमध्ये दाब असताना आत पाणी ढकलायचे कसे, हा प्रश्न आधी पंपाने सोडवत. तो पंप चाकाच्या कण्यावर चाले, म्हणून उभ्या गाडीत पाणी भरता येत नसे आणि केवळ पाण्यासाठी इंजिन पुढे-मागे पळवावे लागे. इंजेक्टर बॉयलरचीच वाफ अरुंद तोंडातून सोडतो; ती थंड पाण्यात मिसळून क्षणात पाणी होते आणि तिचा वेग त्या पाण्याला त्याच बॉयलरमध्ये ढकलतो. तुझी कथा 1858 च्या आधी घडते की नंतर, हे आधी ठरव. आधी घडत असेल तर पाय रुतून थांबलेले वाहन पाणी घेऊ शकत नाही, आणि तुझा पाठलाग आपोआप रंगतो.

नंतर घडत असेल तर मर्म 'थंड' या शब्दात आहे. पाणी 50 अंशांच्या आसपास तापले असेल तर वाफ नीट विरत नाही आणि साधा इंजेक्टर काम सोडतो. आता दृश्य पाहा. टाकी बॉयलरला चिकटलेली, दिवसभर ऊन. नायिका वाफेची चावी उघडते, परंतु पाणी आत जातानाचा तो सलग सूर लागत नाही. सांडनळीतून वाफ आणि गरम पाणी फरफरत बाहेर पडते. बॉयलरमधली पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत पाणी बोटभर उरले आहे. बिघाड दोन असू शकतात. इंजेक्टरचे धडच तापले असेल तर त्यावर ओले फडके टाकून, थोडे पाणी ओतून तो पुन्हा धरतो. फायरमन हेच करत. टाकीतले पाणीच तापले असेल तर त्याचा उपयोग नाही. ती टाकीवर तळहात ठेवते आणि लगेच काढून घेते. आता पिण्याच्या पाण्याची कातडी पिशवी टाकीत ओतायची की आग ओढून बाहेर टाकायची, हा निर्णय तिचा आहे. तुझ्या मसुद्यात ती येथे एक दांडा ओढते आणि सर्व ठीक होते. हे वाचून मी कागद बाजूला ठेवला.

एक चूक मात्र तिच्या हातून होऊ देऊ नकोस. काचेतले पाणी पूर्ण दिसेनासे झाल्यावर तिने घाईने पाणी सोडायचे नाही, कारण आगीवरचा पत्रा उघडा पडून लाल झालेला असू शकतो आणि त्यावर पाणी पडणे हाच मोठा धोका आहे. तेव्हा आग काढायची आणि थांबायचे, मग पाठलाग करणारे जवळ आले तरी चालेल. पत्र्यात शिशाचा प्लग असेल तर तो वितळेल आणि वाफ आगीवर कोसळेल. वाहन वाचेल, पण काही तासांसाठी निकामी होईल. उतारावर काच फसवते हेही ध्यानात ठेव. वाहन पुढे झुकले की बॉयलरमधले पाणी सरकते, आणि काचेत पुरेसे दिसत असतानाही पत्र्याचा दुसरा भाग कोरडा असू शकतो. सहा पायांवर डुलणाऱ्या यंत्रात हे पावलोपावली घडेल. मी नायिका असते तर काच वाचण्यापूर्वी वाहन सपाट जागी उभे केले असते.

तू विचारशील की एवढे सगळे वाचकाला सांगायचे का. बहुतेक नाही. माझ्या दुसऱ्या आवृत्तीत आकडा फक्त एक आहे, टाकीच्या मापाचा. बाकी हिशोब माझ्या वहीत राहिला. परंतु तो वहीत असल्यामुळे प्रत्येक थांबा कोठे पडणार हे मला ठाऊक होते. कथानक मी रचले नाही, पाण्याने रचले, असे म्हटले तर प्रकाशकांना आवडणार नाही, पण तसेच आहे.

तेव्हा तिसरे प्रकरण पुन्हा लिहिण्याआधी एक कोरा कागद घे. टाकी किती लिटरची, सकाळी किती भरली, पहिली विहीर किती तासांवर, आणि तेथे पोहोचताना काचेत किती पाणी उरले, एवढे लिहून आधी तो कागद पाठव. प्रकरण नंतर पाठवलेस तरी चालेल.

तुझी,
एक जुनी लेखिका